‘सरासरी म्हणजे नशीबच’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

> लेख वाचला. `append` चा खर्च O(1) लिहिलाय, ते चूक आहे. अ‍ॅरे भरला की सगळे घटक नव्या जागी हलवावे लागतात, म्हणजे O(n). सरासरी म्हणजे शेवटी नशीबच. कुणी मुद्दाम वाईट क्रमानं डेटा दिला की तुमची सरासरी संपली. पायथनची लिस्ट दुप्पट होत नाही, तेही तपासलेलं नाही. मेमरी वाया जाते, रिअल-टाइम सिस्टिममध्ये असला थांबा चालत नाही, त्यावर अवाक्षर नाही. पुस्तकातलं उतरवून काढण्यापेक्षा कधी प्रत्यक्ष काम करून बघा.

नमस्कार,

यादीच्या शेवटी घटक जोडणाऱ्या `append` चा खर्च O(1), म्हणजे घटक कितीही असले तरी ठरावीकच, असं मी ज्या लेखात लिहिलं होतं त्यावरची ही प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं ते इथे ठेवण्यासारखं झालं नसतं. चूक दाखवणाऱ्या वाचकाचा मला कधीच राग आला नाही. जुन्या लेखांखाली अशा कितीतरी दुरुस्त्या आहेत आणि त्या करणाऱ्यांचे आभारही मानलेले आहेत. पण चूक दाखवणं वेगळं आणि समोरच्यानं आयुष्यात काही केलंच नाही असं गृहीत धरून बोलणं वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही. शेवटचं वाक्य गाळलं असतंत तर बाकीच्या म्हणण्याला जास्त वजन आलं असतं.

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. पायथनबद्दलचं वाक्य चुकलं होतं. सी-प्लस-प्लसच्या `std::vector` बद्दल लिहिता लिहिता तोच नियम मी पायथनला लावून टाकला. जीसीसी या कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीत व्हेक्टर दुप्पट होतो, जावाचा `ArrayList` दीडपट होतो, आणि पायथनची लिस्ट याहून बरीच कमी, साधारण एक अष्टमांश वाढते. तपासायचं असेल तर हे चालवा:

```python
import sys
a = []
rikama = juna = sys.getsizeof(a)
for i in range(100):
    a.append(i)
    nava = sys.getsizeof(a)
    if nava != juna:
        print(len(a), (nava - rikama) // 8)
        juna = nava
```

64 बिटच्या मशीनवर, पायथन 3.9 किंवा त्यापुढच्या आवृत्तीत जागा 4, 8, 16, 24, 32, 40, 52, 64, 76, 92, 108 अशी वाढताना दिसेल. 100 वेळा `append` केलं आणि जागा फक्त 11 वेळा बदलली. वाक्य लेखात दुरुस्त केलं आहे. त्यानं लेखाचा निष्कर्ष मात्र बदलत नाही: वाढ एक अष्टमांश असो, दीडपट असो की दुप्पट, ती आधीच्या आकाराच्या ठरावीक प्रमाणात आहे एवढंच लागतं. प्रमाण लहान ठेवलं की हलवाहलव जास्त होते आणि मेमरी कमी अडकते. दुप्पट करताना एकूण हलवाहलव घटकांच्या संख्येच्या फार तर दुप्पट होते, एक अष्टमांश वाढवताना मोठ्या लिस्टला ती जास्तीत जास्त नऊपटीच्या आसपास जाते. नऊ ही संख्या लिस्ट कितीही लांब झाली तरी नऊच राहते.

आता ते नशिबाचं वाक्य. मला खरं लागलं ते हेच, कारण मूळ लेखात मी ज्या गैरसमजाविरुद्ध लिहिलं होतं तोच तुम्ही माझ्या नावावर चढवलात.

एक अ‍ॅरे घ्या. तो नुकताच 4 वरून 8 जागांचा झाला आहे आणि त्यात 4 घटक बसलेत. घटक एका जागी लिहायला एक रुपया आणि हलवायलाही एक रुपया लागतो असं धरू. नवीन येणाऱ्या प्रत्येक घटकाकडून मी तीन रुपये घेतो. एक रुपया त्याला लिहिण्यात लगेच खर्च होतो आणि दोन डब्यात पडतात. पाचवा, सहावा, सातवा आणि आठवा घटक आला की डब्यात आठ रुपये जमतात. नववा दारात उभा राहतो तेव्हा जागा संपलेली असते. 16 जागांचा नवा अ‍ॅरे मागवायचा आणि आठही घटक तिकडे न्यायचे. त्याला आठ रुपये लागतात आणि डब्यात बरोबर आठच आहेत. दोन रुपयेच का, तर त्यातला एक त्या घटकाच्या स्वतःच्या हलवण्यासाठी आणि दुसरा अशा एका जुन्या घटकासाठी, ज्याची शिल्लक मागच्या हलवाहलवीत संपून गेली. पुढच्या खेपेला 8 नवे घटक 16 रुपये जमवतील आणि 16 घटक हलतील. डबा कधीच उण्यात जात नाही.

या सगळ्यात नशीब कुठे आलं ते मला दाखवा. मी कुठलाही डेटा ‘सर्वसाधारण’ धरलेला नाही, कुठलीही संभाव्यता मोजलेली नाही. `append` ला घटकाची किंमत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ते फक्त शेवटी जाऊन बसतं. 7 घाला, 70 घाला, उलट्या क्रमानं घाला, बिल तेच येतं. माझ्या वाईटावर टपलेला माणूस बसवून त्याला हवा तो क्रम द्यायला सांगा. n वेळा `append` करून तो माझ्याकडून 3n च्या वर एक रुपया काढू शकत नाही. हे वाईटात वाईट परिस्थितीतलंच वचन आहे, फक्त ते एका `append` बद्दल नसून पूर्ण मालिकेबद्दल आहे. म्हणून तर याला सरासरी खर्चापेक्षा वेगळं नाव लागलं: अमॉर्टाइज्ड. रॉबर्ट टार्जन यांनी 1985 च्या निबंधात या पद्धतीची रीतसर मांडणी केली, तेव्हापासून तेच नाव रूढ आहे.

नशिबावरची सरासरी कशी दिसते ते पाहायचं असेल तर हॅश टेबलकडे पाहा. तिथे प्रत्येक नोंद तिच्या किल्लीवरून ठरणाऱ्या कप्प्यात जाते, आणि किल्ल्या नीट विखुरल्या जातील हे गृहीत धरलेलं असतं. एकाच कप्प्यात जातील अशा किल्ल्या कुणी मुद्दाम निवडून पाठवल्या की शोध रेंगाळतो. 2011 च्या अखेरीस वेब सर्व्हर अशाच किल्ल्यांनी लोळवता येतात हे जाहीरपणे दाखवलं गेलं, आणि 2012 मध्ये आलेल्या पायथन 3.3 पासून हॅशमध्ये यादृच्छिक बीज मिसळणं आपोआप सुरू झालं. तुमचा आक्षेप तिथे शोभला असता.

आणि मुद्दाम वाईट क्रम द्यायचाच असेल तर तो `append` मध्ये नाही, काढून टाकण्यात शोधायचा असतो. समजा कुणी असा नियम केला की अ‍ॅरे भरला की दुप्पट करा आणि अर्धा झाला की लगेच निम्मा करा. 16 जागांत 16 घटक आहेत. एक घाला: 16 हलले, जागा 32. एक काढा: घटक 16 उरले, म्हणजे अर्धे, पुन्हा 16 हलले, जागा 16. परत एक घाला. दर वेळी सगळं बिऱ्हाड हलतंय आणि मधे डब्यात काही साठायला वेळच नाही. म्हणून निम्मा करायचा तो चौथाई उरल्यावर. मग दोन हलवाहलवींच्या मधे पुरेसे व्यवहार घडावेच लागतात. जावाचा `ArrayList` तर घटक काढल्यावर आपण होऊन आकसतच नाही. हे तुम्ही विचारलं असतंत तर मी आनंदानं लिहिलं असतं.

प्रत्यक्ष कामाचंही सांगतो, विषय तुम्हीच काढलात म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या नोकरीत सी मध्ये लिहिलेला एक बिलिंगचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. अ‍ॅरे भरला की त्यात 100 जागा वाढवायच्या आणि सगळ्या नोंदी नव्या जागी उतरवायच्या, असं लिहिणाऱ्यानं ठरवलं होतं. चाचणीला 5,000 नोंदी असत आणि प्रोग्रॅम डोळ्याची पापणी लवायच्या आत संपे. महिनाअखेरीला 6 लाख नोंदी आल्या आणि तो वीस मिनिटं झाली तरी चालूच राहिला. सगळे डेटाबेसला दोष देत होते. मी कागदावर बेरीज केली. 5,000 नोंदींना सव्वा लाखाच्या आतच हलवाहलव होते. 6 लाखांना 100, 200, 300 करत 5,99,900 पर्यंत बेरीज जाते, ती सुमारे 180 कोटी. नोंदी 120 पट वाढल्या होत्या आणि काम 120 गुणिले 120 पट. पडताळा म्हणून 1 लाख आणि 2 लाख नोंदींवर वेळ मोजली, ती जवळजवळ चौपट निघाली. डेटा दुप्पट केल्यावर वेळ चौपट होत असेल तर जागा ठरावीक आकड्यानं वाढतेय का हे मी तेव्हापासून सगळ्यात आधी पाहतो. एक ओळ बदलली:

```c
cap = cap * 2;   /* आधी: cap + 100 */
```

त्याच 6 लाख नोंदींना हलवाहलव 8,19,100 झाली. 180 कोटींच्या जागी सव्वाआठ लाख. हे कुठल्या पुस्तकातून उतरवलेलं नाही. त्या रात्री दहा वाजेपर्यंत ऑफिसात थांबून आकडे जुळवलेत.

राहिलं मेमरी आणि रिअल-टाइमचं. लेख यादीत घटक जोडण्याचा एकूण खर्च समजावणारा होता, विमानाच्या नियंत्रकाबद्दल नव्हता. दुप्पट वाढीत विस्तारानंतर जवळपास निम्मी जागा रिकामी असते हे उघड आहे. एकच `append` अधूनमधून n घटक हलवतो हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नसावा. जिथे एक थांबाही परवडत नाही तिथे किती घटक येणार हे आधी ठरवून जागा घेतात, `std::vector` वर `reserve` त्यासाठीच आहे. तेवढं एक वाक्य मूळ लेखात जोडतो. O(1) च्या आधी ‘अमॉर्टाइज्ड’ हा शब्द मथळ्यात नव्हता, तोही घालतो. ‘सरासरी’ हा शब्द मात्र काढणार नाही. एकूण खर्चाला एकूण `append` च्या संख्येनं भागलं की जे येतं त्याला मराठीत सरासरीच म्हणतात, आणि त्यासाठी फासे टाकावे लागत नाहीत.

यापुढे मुद्द्यावर बोलायचं असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर देतो. माझ्या अनुभवाची चौकशी करणाऱ्या प्रतिक्रिया मात्र इथून पुढे प्रसिद्ध करणार नाही.