छातीत दुखण्याची गोळी आणि सिल्डेनाफिल: ‘दुप्पट फायदा’ कसा अंगाशी येतो

छातीत दुखल्यावर घ्यायची नायट्रेटची गोळी आणि लैंगिक ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, यांच्याबद्दल काही जण सांगतात: “दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्याच मोकळ्या करतात, मग एकत्र घेतल्या तर हृदयाला दुप्पट फायदाच. भीती वाटत असेल तर चार-पाच तासांचं अंतर ठेवा. अर्ध्या गोळीने तर काहीच होत नाही.”

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. नायट्रेटमुळे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो आणि स्नायू सैलावतात. शरीर तो पदार्थ लगेच मोडूनही टाकतं. सिल्डेनाफिल नेमकं हे मोडणंच अडवतं. म्हणजे एका गोळीने नळ सोडला आणि दुसरीने मोरीला बोळा लावला. नुसत्या सिल्डेनाफिलने बीपी सहसा आठ-दहानेच उतरतं. नायट्रेट सोबत असेल तर ते किती कोसळेल याचा नेम नाही.

हृदयाला फायदा का नाही? चोंदलेल्या धमनीतून रक्त पुढे सरकतं ते दाबाच्या जोरावर. दाबच गेला तर अडथळ्यापलीकडचा स्नायू उपाशी राहतो. त्यात नाडी धावू लागते आणि दोन ठोक्यांमधली, हृदयाला स्वतःला रक्त मिळण्याची, उसंत आखडते.

समजा, साठीतल्या एका गृहस्थांनी रात्री दहाला ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल घेतलं. साडेअकराला छाती भरून आली म्हणून सवयीने जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली. पाचच मिनिटांत दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, वरचं बीपी १३० वरून ७० वर. हा झटकाच समजून घरच्यांनी जिभेखाली आणखी एक गोळी सरकवली, तर उरलासुरला दाबही जाईल. अशा वेळी त्यांना आडवं करून पाय उंच ठेवायचे, ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि सिल्डेनाफिल किती वाजता घेतलं ते आधी सांगायचं. संकोचापोटी नेमकं हेच लपवलं जातं, आणि मग दवाखान्यातही नायट्रेटच दिलं जाण्याचा धोका असतो.

चार-पाच तासांचं म्हणाल, तर सिल्डेनाफिल चार तासांत जेमतेम निम्मं होतं. वय झालेलं किंवा लिव्हर-किडनी कमजोर असेल तर त्याहून सावकाश. म्हणून सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि त्याच जातीच्या ताडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात. हा हिशोब अचानक छातीत दुखलं तर डॉक्टरांनी करायचा असतो, रात्रीचा बेत आखायला नव्हे. रोज आयसोसॉर्बाइड घेणाऱ्याच्या अंगात नायट्रेट असतंच, त्यामुळे त्याला सिल्डेनाफिल वर्ज्यच. ते जमावं म्हणून हृदयाची गोळी मनाने बंद करणं हा तर दुसरा जुगार.

अर्धी गोळीही तोच बोळा लावते. आणि ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्येही चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे. डॉक्टरांना औषधं सांगताना तीही सांगा.