'चोत्तो…' म्हणजे नाही

"जपानी माणूस कधी नाही म्हणत नाही" हे वाक्य प्रवासाच्या ग्रुपांवर सारखं फिरत असतं. मला ते अजिबात पटत नाही. जपानी माणूस नाही म्हणतो, चांगलं स्पष्ट म्हणतो. फक्त 'नाही' हा शब्द त्यात नसतो. एक रचलेली गोष्ट सांगतो.

ताकायामातलं र्‍योकान, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी निवासगृह. दुपारचे चार वाजलेत. पुण्याहून आलेला शाकाहारी पाहुणा चहा घेऊन आलेल्या बाईंना विचारतो, "रात्री मासे नकोत, दाशीही नको. जमेल ना?" (दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला बोनिटो मासा यांचा अर्क.)

बाई दातांमधून हळूच श्वास आत ओढतात, मान जराशी कलते. "सोरे वा… चोत्तो…" थोडं थांबून, "मुझुकाशी देसु ने. केन्तो शिते मिमास."

फोन भाषांतर दाखवतो: 'ते थोडं… अवघड आहे. विचार करून बघते.' अवघड आहे, अशक्य नाही, असा हिशेब करून गडी "आरिगातो!" म्हणतो आणि खुशीत आंघोळीला जातो.

इथे नकार तीनदा येऊन गेला. 'चोत्तो' म्हणजे थोडं. पण वाक्य तिथेच सोडून दिलं की उरलेलं 'जमणार नाही' ऐकणाऱ्याने भरायचं असतं. अशा जागी 'अवघड आहे' म्हणजे होणार नाही. आणि 'केन्तो' म्हणजे आपलं "बघू हं" (लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे म्हणतात ते). त्यावर पाहुण्याने आभार मानले, मग बाई त्याला पुन्हा कशा अडवणार?

साडेसहाला ताट येतं. मासा खरंच काढलाय. पण तळलेल्या वांग्यावर त्याच सुक्या बोनिटोचे पातळ काप वाफेने वळवळताहेत, आणि मिसो सूप, अंड्याचं वाफवलेलं चावानमुशी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत दाशी. पाहुणा म्हणतो फसवलं. बाई नुसत्या वाकून माफी मागतात. दाशी आधीच काढून ठेवलेली असते आणि बहुतेक पदार्थ तिच्यावरच उभे असतात. अडीच तासांत एकट्यासाठी वेगळं ताट मांडणं स्वयंपाकघराला झेपत नाही.

खरा होकार कसा ओळखायचा? त्यामागून प्रश्न येतात. "काशिकोमारिमाश्ता", म्हणजे "ठीक आहे, करते", म्हणतील, आणि लगेच: अंडं चालेल का? नुसत्या कोंबूची दाशी चालेल का? एकही प्रश्न आला नाही तर होकार धरू नका. 'हाय' म्हणजे हो, पण नुसतं 'हाय' म्हणजेही बऱ्याचदा फक्त "हं, ऐकतेय".

श्वास ओढलेला ऐकू आला की "जमेल ना" सोडा आणि "मग काय जमेल?" विचारा. साधा भात आणि नुसता सोया सॉस घातलेला गार तोफू बहुतेक ठिकाणी मिळतो. खोली घेतानाच, काही दिवस आधी लिहून कळवलं तर कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी करून देणारी र्‍योकानही आहेत. एवढी खटपट नको असेल, तर कोयासानच्या मठांतल्या मुक्कामात शोजिन र्‍योरी मिळते. ते बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, तिथे मासा मुळातच नसतो.