आराखड्यातले ६४ लाख आणि पासबुकातले १२

आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरलेला मेसेज, गावाचं नाव तेवढं काढून:

«गावकऱ्यांनो जागे व्हा! ई-ग्रामस्वराजवर आपल्या गावाचा आराखडा बघा. २०२३-२४ ला ६४ लाख मंजूर, खर्च फक्त ९ लाख. बाकी ५५ लाख कुणाच्या खिशात? पाच वर्षांची बेरीज करा, डोळे पांढरे होतील. रस्त्याला पैसे नाहीत म्हणतात, मग गटारं आणि पेव्हर ब्लॉकला कुठून येतात? ग्रामसभेत काही ठरत नाही, सगळं तालुक्याला बसून भरतात. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.»

मी एक पंचवार्षिक सदस्य होतो, विरोधी पॅनेलचा. सरपंचाची वकिली करायला बसलेलो नाही. पण हा मेसेज घेऊन कुणी ग्रामसभेत उभं राहिलं की ग्रामसेवक दोन मिनिटांत त्याला खाली बसवतो, आणि खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी त्या ५५ लाखांचं बघू. सगळा घोळ «मंजूर» या एका शब्दाचा आहे. पोर्टलवर मंजूर झालेला असतो तो आराखडा, रक्कम नव्हे. ग्रामपंचायत विकास आराखडा ही गावाच्या गरजांची यादी असते. काम कोणतं, कुठे, अंदाजे किती खर्चाचं, कोणत्या योजनेतून आणि कोणत्या यंत्रणेकडून, असे त्यात रकाने असतात. यातला शेवटचा रकाना मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलाच नाही.

अडीच हजाराच्या आतबाहेर वस्तीचं एक गाव उदाहरणाला घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. आराखडा ६४ लाखांचा. त्यात पंधराव्या वित्त आयोगाचे अपेक्षित १४ लाख, मागच्या वर्षाची शिल्लक ३ लाख आणि घरपट्टी-पाणीपट्टीतून खर्चाला धरलेले ३ लाख. हे झाले २०. ग्रामपंचायतीच्या हातातलं असं एवढंच. पुढचे १८ लाख रोजगार हमीचे: पाणंद रस्ता, वैयक्तिक विहिरी, शोषखड्डे. पाण्याच्या टाकीचे २० लाख जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडचे. आणि अंगणवाडीच्या खोलीचे ६ लाख महिला व बालकल्याणकडे मागितलेले.

आता वर्षभरात काय झालं? वित्त आयोगाचा पहिला हप्ता ७ लाख आला, दुसरा आर्थिक वर्ष उलटून मे महिन्यात. शिल्लक ३ लाख होतीच. वसुली ३ ऐवजी २ लाखच झाली. म्हणजे खर्च करायला हाताशी १२ लाख, त्यातले ९ खर्च झाले आणि ३१ मार्चला ३ लाख बँकेत राहिले.

उरलेल्या ५२ लाखांमधले ७ तोवर आलेच नव्हते आणि १ लाख लोकांच्या थकबाकीत होता. रोजगार हमीची मजुरी थेट मजुराच्या खात्यावर जाते, त्या कामांचा हिशेब त्या योजनेच्या वेगळ्या पोर्टलवर असतो. टाकीच्या ठेकेदाराचं बिल जिल्हा परिषद काढते. अंगणवाडीच्या खोलीला तर त्या वर्षी मंजुरीच मिळाली नाही, ती फक्त मागणी होती. सरपंचाच्या खिशात घालायला हे ५२ लाख सरपंचापर्यंत आलेच कधी?

हे स्वतः तपासायचं असेल तर egramswaraj.gov.in वर नियोजनाचा भाग वेगळा आहे आणि हिशेबाचा वेगळा. मेसेजवाला पहिल्या भागातली बेरीज घेतो आणि दुसऱ्या भागातला खर्च तिच्यातून वजा करतो. जमा किती झाली तेही त्याच दुसऱ्या भागात दिसतं, ते मात्र बघत नाही. मागची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर बँकेतली शिल्लक, एवढं जुळतंय का ते आधी बघावं. नाही जुळलं तर बोंब मारा, मी पण तुमच्याबरोबर येतो.

हप्ता उशिरा का येतो हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. पोर्टलवर हिशेब आणि लेखापरीक्षण वेळेत चढवणं ही या निधीची अट आहे. निवडून आलेली बॉडी असणं ही दुसरी. मुदत संपून प्रशासक बसला की हा निधी अडतो. आपल्या पंचायतीचा हप्ता कशामुळे अडला, याचं उत्तर ग्रामसेवकाने (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) द्यायलाच हवं.

पाच वर्षांची बेरीज तर करूच नका. त्या अंगणवाडीच्या खोलीकडेच बघा. एका वर्षी मंजुरी मिळाली नाही म्हणून ती पुढच्या आराखड्यात आली, मग त्याच्याही पुढच्या. तीन आराखड्यांत ६-६ लाख म्हणजे बेरजेत १८ लाख. खोली एकच, आणि तीही बांधलेली नाही. मागची शिल्लकही अशीच दरवर्षी नव्याने मोजली जाते.

रस्ता आणि गटाराच्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के भाग बंधित आहे. त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. १४ लाखांतले ८ लाख ४० हजार असे बांधलेले. सांडपाण्याचं गटार स्वच्छतेत बसतं, रस्ता बसत नाही. गावोगाव गटारं का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. एका बाजूच्या गरजा पूर्ण भागल्या असतील तर तो पैसा दुसऱ्या बाजूला वापरता येतो, म्हणजे स्वच्छतेचा पाण्याला. पण रस्त्याला तरीही नाही.

राहिले ५ लाख ६० हजार, अबंधित. यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही, बाकी गावाची गरज असेल ते करता येतं. पेव्हर ब्लॉक इथूनच बसतात. देवळापुढे ब्लॉक बसवायचे की वस्तीतला चिखलाचा बोळ काँक्रीट करायचा, हा निर्णय खरोखर पंचायतीचा असतो. तिथे «वरून आदेश आहे» असं कुणी म्हणालं तर आदेशाचा कागद मागा.

पण लोक «रस्ता» म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात गावापासून फाट्यापर्यंतची डांबरी असते. ती ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून नोंदलेली असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची. ५ लाखांत ती होणार नाही, आणि ग्रामपंचायतीने आपल्या पैशातून करायचीही नाही. मग आराखड्यात लिहायची कशाला? त्या यंत्रणेकडे गावाची मागणी नोंदवायला. आमच्या वेळी आम्ही रस्ता «ग्रामपंचायत» या यंत्रणेपुढे लिहून बसलो होतो. दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, कारण जिल्हा परिषदेच्या लेखी ती मागणी त्यांच्याकडे आलेलीच नव्हती. नुसता रकाना चुकला होता.

ग्रामसभेच्या मुद्द्यावर मी जास्त वाद घालणार नाही, कारण कागद एक सांगतो आणि गाव दुसरंच. कागदावर आधी शिवारफेरी, मग महिला सभा, वॉर्डसभा, मग ग्रामसभेत प्राधान्यक्रम. त्यानंतर पंचायत समितीत तांत्रिक छाननी होते. काम नियमात बसतं का, अंदाजपत्रक बरोबर आहे का, हे तिथे बघायचं असतं. तुमचं काम काढून दुसरं घालणं हे छाननीचं काम नाही. २०१८ पासून दरवर्षी २ ऑक्टोबरपासून याची मोहीम निघते, कारण पुढच्या एप्रिलचा आराखडा त्याआधीच ठरायला हवा.

प्रत्यक्षात डिसेंबर संपत आला की मागच्या वर्षीची यादी निघते, आकडे थोडे वाढतात आणि संगणक परिचालक रात्री जागून ती पोर्टलवर चढवतो. पण हे तालुक्याने केलेलं नसतं, आपण होऊ दिलेलं असतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. १७०० मतदारांच्या गावात १०० माणसं पुरतात. तीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. दहा-बारा सह्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर! विशेष म्हणजे आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल वित्त आयोगाच्या निधीतून काढताच येत नाही, कारण कामाचा संकेतांक आराखड्यातूनच पडतो. नंतर काम घालायचं तर पुरवणी आराखडा लागतो. म्हणजे ज्याला गैरप्रकार करायचा आहे, त्यालाही आधी या यादीतूनच जावं लागतं.

म्हणून बेरजेपेक्षा यादीतली वाक्यं वाचा. «विविध ठिकाणी दिवे बसविणे», «आवश्यकतेनुसार साहित्य पुरवठा», «गावांतर्गत दुरुस्ती करणे» असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हा. जागा लिहिलेली नाही, मोजमाप नाही, तर काम झालं की नाही हे कोण कसं ठरवणार? «रामोशी वस्ती ते ओढा, बंदिस्त गटार, ११० मीटर» असं लिहिलं असेल तर ते जाऊन बघता येतं. दुसरी खूण म्हणजे एकच काम दोन योजनांखाली किंचित वेगळ्या नावाने येणं.

शंका आली तर तीन कागद मागायचे. वित्त आयोगाच्या खात्याचं बँक विवरण, त्या कामाचं अंदाजपत्रक, आणि मोजमाप पुस्तिकेतली, म्हणजे एम.बी.तली नोंद. तोंडी मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात.

आमच्याकडचं ते ११० मीटरचं गटार मी असंच धरलं होतं. एम.बी.त ११० मीटर, अंतिम बिल निघायच्या बेतात. एका रविवारी सकाळी शाळेतला टेप घेतला आणि दोन पोरांना हाताशी धरून मोजलं. ८४ भरलं. मासिक सभेत लेखी दिलं, उपअभियंत्याने फेरमोजणी लावली. ठेकेदार म्हणाला, वळणावर टेप नीट धरला नसेल. पुन्हा मोजलं, तरी ८४. बिल ८४ मीटरचंच निघालं.