तुकडे पाडले म्हणजे तपशील आला असं नाही: मोठ्या फाइलवरचं जनरेटिव्ह फिल

«जनरेटिव्ह फिल फक्त १०२४ पिक्सेलचं चित्र देतं. म्हणून मोठ्या फाइलवर १०२४ बाय १०२४ चे चौकोन पाडा आणि एकेक भरत जा, पूर्ण रिझोल्युशन मिळतं. जोड दिसलाच तर फेदर द्या, मऊ वाटलं तर शार्पन करा. प्रिंटला काही अडचण येत नाही.»

मोठ्या फाइलसाठी असा सल्ला दिला जातो. त्यातलं पहिलं वाक्य एके काळी खरं होतं. निवडलेली जागा एआयने नवं चित्र बनवून भरणारं हे साधन मे २०२३ मध्ये फोटोशॉपच्या बीटात आलं तेव्हा ते एका बाजूला जास्तीत जास्त १०२४ पिक्सेल तयार करायचं आणि निवड त्याहून मोठी असली की तेवढंच चित्र ताणून बसवायचं. पुढे मॉडेलं बदलत गेली आणि मर्यादाही बदलली. त्यामुळे हा आकडा पाठ करण्यापेक्षा मोजून घेणं चांगलं. दगड, गवत किंवा जाडसर कापड अशा बारीक पोताच्या जागी ६००, ९००, १२०० आणि १८०० पिक्सेलचे चौकोन निवडून भरा आणि १०० टक्के झूमवर शेजारच्या खऱ्या भागाशी ताडून पाहा. ज्या आकारापासून पोत मेणासारखा गुळगुळीत दिसायला लागतो, तिथे तुमची मर्यादा संपली. शिवाय निवडीभोवतीचा भागही संदर्भ म्हणून वाचला जातो. म्हणून मी मर्यादेला अगदी टेकून चौकोन घेत नाही. मर्यादा १०२४ निघाली तर ८९६ चा घेतो. पुढचे सगळे आकडे त्याच हिशेबाचे आहेत.

आता मुख्य चूक पाहू, आणि त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो आहे. दगडी भिंतीसमोर एक ट्रक उभा आहे आणि तो काढायचा आहे. ट्रकने झाकलेली जागा २४०० बाय १६०० पिक्सेल भरते. ती एका दमात भरली तर १०२४ पिक्सेलचं चित्र सुमारे २.३ पट ताणलं जातं आणि भिंत धुरकट दिसते. हे टाळायला कोऱ्या जागेवर थेट चौकोन भरत गेलात, तर प्रत्येक चौकोन स्वतःची वेगळी भिंत बांधतो. एकात दगड मोठे, दुसऱ्यात लहान, एकातली सांध्याची ओळ दुसऱ्यात तीस पिक्सेल वर. बारकावा प्रत्येक तुकड्यात आहे, पण भिंत एक राहिलेली नाही. प्रत्येक चौकोनाला फक्त आपल्या आसपासचं दिसतं. दगडांच्या रांगा कुठून कुठे जातात हे त्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणून आधी ती धुरकट, एका दमातली भराई करायचीच. तिच्याकडून तपशील मागायचा नाही, फक्त रचना घ्यायची: रांगांची दिशा, दगडांचा आकार, उजेड कुठून येतो. दोन-तीन पर्यायांतून ज्याच्या रांगा दोन्ही बाजूंच्या खऱ्या भिंतीशी जुळतात तो ठेवा. रंग थोडा मऊ असला तरी चालेल, पण रांग तुटलेली असेल तर तो पर्याय सोडून द्या. ती चूक पुढे कुठेही दुरुस्त होत नाही.

या पायावर टाइल, म्हणजे एकेक छोटा चौकोन, टाकताना अडचण येते. पूर्ण निवड केली की साधन खालचं चित्र जवळजवळ विसरतं आणि नव्याने रचतं. उपाय म्हणजे निवडच अर्धवट करायची. चौकोन निवडा, `Q` दाबून क्विक मास्कमध्ये जा, `Ctrl+L` ने `Levels` उघडा आणि `Output Levels` चा उजवा आकडा २५५ वरून १०० वर आणा. पुन्हा `Q`. आता निवड सुमारे ४० टक्के ताकदीची आहे. निम्म्याहून कमी असल्याने कडा दिसणार नाहीत अशी सूचना फोटोशॉप देतं. निवड मात्र जागेवर असते, घाबरू नका. प्रॉम्प्ट रिकामा ठेवून भरा. खालच्या रांगा बऱ्यापैकी पाळल्या जातात आणि त्यांच्यावर नवा बारकावा चढतो. भरून आलेल्या लेयरचा मास्कही करडा असतो. तो तसाच ठेवला तर नवं आणि जुनं एकमेकांत मिसळून धुरकटपणा परत येतो. मास्कवर क्लिक करून `Levels` मध्ये `Input Levels` चा पांढरा आकडा १०० वर आणला की मास्क पूर्ण पांढरा होतो. हे प्रमाण मॉडेलनुसार बदलतं, म्हणून पहिल्या टाइलवरच ठरवून घ्या: रचना हलली तर ताकद कमी करा, काहीच फरक पडला नाही तर वाढवा.

मांडणीचा हिशेब सोपा आहे. ८९६ चा चौकोन आणि शेजाऱ्यावर १२८ पिक्सेलचा ओव्हरलॅप, म्हणजे प्रत्येक पाऊल ७६८ चं. आडवे चौकोन ०, ७६८ आणि १५३६ वर सुरू होतात आणि २४३२ ला संपतात. उभे ०, ७६८ आणि शेवट १६६४. एकूण सहा टाइल. कडेला काही पिक्सेल खऱ्या भिंतीवर जातात, ते मास्कने लगेच पुसून टाका. खरे पिक्सेल हातात असताना त्यांच्या जागी बनावट ठेवायला काही कारण नाही. सुरुवात नेहमी खऱ्या भिंतीला लागून असलेल्या टाइलपासून करा, म्हणजे पहिल्या तुकड्याला खरा पोत शेजारी दिसतो आणि पुढच्यांना तो पहिल्याकडून मिळतो.

फेदरचं काय? ओव्हरलॅपमध्ये दोन्ही टाइलमधले दगड साधारण एकाच जागी असतात, पण त्यांचा पृष्ठभाग वेगळा असतो. तिथे शंभर पिक्सेलचा फेदर दिला की दोन पोत एकमेकांवर अर्धे-अर्धे पडतात आणि जोडाच्या जागी मऊ पट्टा तयार होतो. रेघ जाते, पण मऊ पट्टा राहतो, आणि तो मोठ्या प्रिंटमध्ये रेघेइतकाच खटकतो. त्यापेक्षा वरच्या टाइलचा मास्क बऱ्यापैकी कडक ब्रशने दगडांच्या सांध्यावरून वळवत न्या. सांध्यावर बदल आहे हे डोळ्याला कळत नाही, कारण तिथे पोत तसाही बदलतोच.

इतकं करूनही टाइलांच्या उजेडात आणि रंगात किंचित फरक उरतो. एखादी थोडी पिवळसर, एखादी जरा गडद. इथे पहिली धुरकट भराई पुन्हा कामाला येते, कारण तिच्यात तपशील नसला तरी पूर्ण जागेवर रंगछटा एकसंध असते. म्हणून उजेड-रंग तिच्याकडून घ्यायचा आणि फक्त बारीक पोत टाइलांकडून. टाइल बंद ठेवून दिसणारं सगळं एका लेयरवर घ्या, म्हणजे `Ctrl+Alt+Shift+E`, आणि त्याला `BASE` नाव द्या. मग `BASE` तात्पुरता बंद करा, टाइल चालू करून तसाच दुसरा लेयर घ्या, तो `TILES`. आसपासच्या खऱ्या भिंतीसकट घेतल्याने ब्लर करताना कडा पारदर्शक होत नाहीत. मग:

```
TILES ची प्रत: TILES_BLUR
BASE, TILES_BLUR: Gaussian Blur, Radius 8
TILES: Image > Apply Image
  Layer: TILES_BLUR
  8-bit:  Blending Subtract, Scale 2, Offset 128
  16-bit: Blending Add, Invert, Scale 2, Offset 0
TILES_BLUR बंद करा, BASE चालू ठेवा
TILES: Blend Mode = Linear Light, BASE च्या वर
```

यानंतर `BASE` आणि `TILES` एका ग्रुपमध्ये घालून त्या ग्रुपला फक्त ट्रकच्या जागेपुरता मास्क द्या.

त्रिज्या ८ हा सुरुवातीचा आकडा आहे. ती वाढवली की टाइलांचे रंगफरक परत डोकावतात. कमी केली की धुरकट पायाच्या मऊ कडा टाइलच्या तीक्ष्ण कडांखाली दिसायला लागतात. सांध्यांच्या बाजूने फिकट झालर किंवा दुहेरी रेघ दिसली तर त्या टाइलची रचना पायावरून हलली आहे असं समजा. थोडी हलली असेल तर त्रिज्या १२ पर्यंत नेऊन पाहा. जास्त हलली असेल तर निवडीची ताकद कमी करून तेवढीच टाइल पुन्हा भरा. तपासताना वर तात्पुरता `Curves` लेयर ठेवून मधला भाग खूप उभा करा. साध्या नजरेला न दिसणारे चौकोन तिथे लगेच उघडे पडतात.

शार्पनबद्दल थोडक्यात: ते असलेल्या कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवतं, नसलेला पोत आणत नाही. ताणलेल्या भराईवर शार्पन केलं की धुरकट दगडांना फक्त काळी-पांढरी किनार येते. भराई कृत्रिम वाटण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: खऱ्या फोटोत कॅमेऱ्याचा नॉइज असतो आणि भरलेल्या जागेत तो नसतो. सर्वात वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर `Overlay` मध्ये ठेवा, `Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडा, वर अगदी हलका, अर्ध्या पिक्सेलच्या आसपासचा ब्लर द्या आणि त्याला भराईपुरता मास्क लावा. प्रमाण २०० टक्के झूमवर शेजारच्या भिंतीशी जुळवा.

प्रिंटचा निकाल गणितावर सोडू. ही फाइल ३०० पीपीआयला २० इंच रुंद छापली तर ट्रकची जागा ८ इंच होते. एका दमातल्या भराईत त्या ८ इंचांत १०२४ पिक्सेलचाच खरा तपशील आहे, म्हणजे १२८ पीपीआय. हातात धरून पाहायच्या प्रिंटवर ३०० च्या शेजारी १२८ चा ठिगळ लपत नाही, तिथे टाइलचा खटाटोप करायलाच हवा. तीच फाइल ६० इंच रुंद बॅनरवर गेली तर आसपासची भिंतच १०० पीपीआयची होते आणि बॅनर कोणी नाकाजवळ धरून पाहत नाही. तिथे एक भराई आणि नॉइज पुरतो. निरभ्र आकाश किंवा फोकसबाहेरची पार्श्वभूमी असेल तर छोट्या प्रिंटलाही टाइल नकोत. मुळात तिथे परत आणायला बारकावा नसतोच, आणि सहा टाइल टाकल्या तर नको तिथे पोत उगवतो.

आणि ट्रकमागे भिंतीवर पाटी असेल, तार असेल किंवा खिडकीचे गज असतील, तर ही पद्धत तिथे वापरू नका. अक्षरं आणि सरळ बारीक रेघा टाइलगणिक थोड्या वेगळ्या येतात, पोत वेगळा करून जोडताना त्यांची दुहेरी छाया पडते, आणि पाटीवरची अक्षरं तर साधन मनानेच लिहितं. तेवढा भाग ट्रक नसलेल्या दुसऱ्या फ्रेममधून आणा. तशी फ्रेम नसेल तर तार आणि गज शेजारच्या खऱ्या तुकड्यावरून `Clone Stamp` ने ओढा, आणि पाटीवर काय लिहिलं होतं ते माहीत नसेल तर पाटी भरूच नका.