‘पैसे देऊ नका, टिंब टाका’ : यूट्यूबच्या जाहिरातींबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

फॉरवर्ड होत आलेला मेसेज असा आहे:

“यूट्यूबला पैसे देऊ नका! १) लिंकमध्ये .com नंतर एक टिंब टाका, मधल्या जाहिराती गायब. २) मॉडवालं अ‍ॅप टाका, सगळं प्रीमियम फुकट. ३) परदेशातल्यांनी व्हीपीएनवर भारत दाखवून प्रीमियम घ्यावं, १४९ रुपयांत काम होतं. ४) गूगलमध्ये पर्सनलाइज्ड जाहिराती बंद केल्या की जाहिराती निम्म्या होतात. ५) प्रीमियम घेतलं तरी टीव्हीवर जाहिराती येतातच, आम्ही अनुभव घेतलाय.”

प्रीमियम म्हणजे पैसे भरून जाहिरातींशिवाय यूट्यूब पाहण्याचं सदस्यत्व. यातला पाचवा मुद्दा लोकांना खरोखर भोवतो आणि त्यावर उपायही आहे, त्यामुळे त्याला सर्वात जास्त जागा देतो. आधी बाकीचे चार.

टिंबाची युक्ती एके काळी चालत होती, म्हणूनच ती अजून फिरते. जून २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की संगणकावर `youtube.com./` असा पत्ता दिला की बऱ्याच वेळा जाहिरात येत नाही. शेवटचं टिंब असलेला पत्ता नियमाने बरोबरच असतो, पण ब्राउझर त्याला वेगळी साइट समजतो. त्यामुळे जाहिरात लावणाऱ्या यंत्रणेची आणि त्या पानाची जुळणी होत नव्हती. पुढे ही फट बुजवली गेली. आणि जिथे सगळ्यात जास्त पाहिलं जातं, त्या फोनच्या अ‍ॅपमध्ये आणि टीव्हीवर पत्ता टाइप करायला जागाच नसते. त्यामुळे हा उपाय तेव्हाही घरातल्या टीव्हीपर्यंत पोचलाच नव्हता.

मॉड अ‍ॅपचं, म्हणजे मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार करून बाहेरच्यांनी बनवलेल्या अ‍ॅपचं, प्रकरण जास्त गंभीर आहे. व्हॅन्स्ड नावाचं असं एक अ‍ॅप खूप चालायचं. गूगलच्या कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यानंतर मार्च २०२२ मध्ये ते बनवणाऱ्यांनीच ते बंद केलं. एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की जाहिराती अडवणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ अडखळतील किंवा ‘या अ‍ॅपवर उपलब्ध नाही’ असा संदेश येईल. ब्राउझरमधल्या अ‍ॅडब्लॉकरविरुद्धची मोहीम त्याआधीच, २०२३ च्या अखेरीस, जगभर सुरू झाली होती. त्यामुळे आज चालणारं मॉड उद्या चालेलच असं नाही, आणि ते बंद पडलं की माणूस ‘नवीन व्हर्जन’ शोधत अनोळखी साइटवर जातो. माझी काळजी इथे आहे. अ‍ॅप बसवायची एपीके फाइल बाहेरून टाकताना फोनमधला ‘अनोळखी स्रोत’ हा अडसर आपण स्वतःच्या हाताने काढतो आणि त्या अ‍ॅपमध्ये आपलं गूगल खातं उघडतो. त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात. असं अ‍ॅप टाकलेलं असेल तर ते काढून टाका आणि myaccount.google.com वर Security मध्ये खातं कुठकुठल्या उपकरणांवर उघडं आहे ते पाहा. अनोळखी उपकरण दिसलं तर तिथून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

व्हीपीएनचा सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या आणि आखातातल्या आपल्या नातेवाइकांना जातो. अमेरिकेत एकट्याचं प्रीमियम १३.९९ डॉलरला होतं आणि आपल्याकडे १४९ रुपयांना, तेव्हा मोह समजू शकतो. पण खोटा देश दाखवून घेतलेली सदस्यत्वं जून २०२४ पासून रद्द होऊ लागली. याच्याशीच जोडलेला एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: फॅमिली प्लॅनमधल्या सगळ्यांनी त्या प्लॅनच्या प्रमुखाच्याच घरी राहायला हवं. न्यू जर्सीतल्या मुलाने पुण्यातल्या आई-वडिलांना आपल्या प्लॅनमध्ये जोडणं त्यात बसत नाही. त्याने पुण्यातल्या घरासाठी पुण्यातलाच प्लॅन घेऊन द्यावा.

चौथा मुद्दा अर्धवट माहितीतून आलेला आहे. पर्सनलायझेशन बंद केल्याने जाहिरातींची संख्या कमी होत नाही. फक्त तुमच्या सवयींवरून निवडलेल्या जाहिरातींऐवजी सरसकट जाहिराती येतात. तरीही ते पान उपयोगाचं आहे, वेगळ्या कारणाने. myadcenter.google.com उघडा. तिथे पर्सनलायझेशन चालू ठेवून संवेदनशील विषयांच्या यादीत दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणे यांसारखे विषय कमी करता येतात. संध्याकाळी घरची मंडळी एकत्र बसून प्रवचन ऐकत असताना मध्येच पैसे लावून पत्ते खेळायची जाहिरात येऊ नये, यासाठी हे पाच मिनिटांचं काम जरूर करावं. मात्र टीव्हीवर जे खातं उघडलेलं आहे त्याच खात्यातून करावं, नाहीतर टीव्हीवर फरक दिसणार नाही.

मधल्या जाहिराती कमी करण्याचा एक फुकट मार्ग या मेसेजमध्ये नाहीच. तो निर्मात्याच्या हातात आहे. व्हिडिओ आठ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा असेल तरच मध्ये जाहिरात लावता येते. ही मर्यादा पूर्वी दहा मिनिटं होती, जुलै २०२० मध्ये आठ झाली. सुरुवातीची जाहिरात ठेवून मधल्या बंद करणं चॅनेलवाल्याला यूट्यूब स्टुडिओत एका बटणाने जमतं, किंवा जागा स्वतः ठरवता येतात. बरेच कीर्तनकार आणि छोटे चॅनेलवाले सगळं स्वयंचलितवर सोडून देतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. अभंगाच्या मध्येच जाहिरात येते, ती कृपया गजराच्या आधी किंवा पूर्वरंग संपल्यावर ठेवा, अशी नेमकी वेळ लिहून विनंती केली तर पुष्कळ जण ऐकतात. त्यांचंही त्यात नुकसान नसतं, कारण वैतागून श्रोता उठून गेला तर पुढची जाहिरातही कुणी पाहत नाही.

आता पाचवा मुद्दा. अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. माझ्या आत्याच्या घरी हेच झालं. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, स्वतःच्या फोनवरून १४९ रुपयांचं प्रीमियम घेतलं. त्याच्या फोनवर जाहिराती थांबल्या आणि टीव्हीवर आत्याच्या हरिपाठात त्या येतच राहिल्या. दोन दिवसांनी ‘हे सगळं खोटं आहे’ असं ठरलं. मी टीव्हीवर डावीकडच्या मेनूत खातं पाहिलं, तर तिथे चार वर्षांपूर्वी टीव्ही घेताना बनवलेलं एक वेगळंच जीमेल खातं होतं. प्रीमियम खात्याला मिळतं. घराला, वायफायला किंवा टीव्हीला मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. फोनवर किंवा संगणकावर त्या खात्याने यूट्यूब उघडा. वरच्या लोगोत Premium हा शब्द दिसला तर सदस्यत्व त्या खात्यावर आहे, नुसतं YouTube दिसलं तर नाही. एकाच जीमेलखाली दोन चॅनेल असतील तर कोणत्या चॅनेलने आत आलात तेही पाहा.

आता टीव्हीवर भावाचं खातं उघडलं असतं तर जाहिराती थांबल्या असत्या, पण आत्याचे अभंग आणि भाच्याचे गेमिंगचे व्हिडिओ एकमेकांच्या यादीत मिसळले असते. म्हणून आम्ही बसून हिशोब केला. दर ऑगस्ट २०२४ च्या वाढीनंतरचे आहेत, घेताना youtube.com/premium वर एकदा पाहून घ्या. एकट्याचा मासिक १४९, विद्यार्थ्याचा ८९, फॅमिलीचा २९९. आपोआप पैसे कापले जायला नको असतील तर एकट्यासाठी वर्षाचे एकदम १४९० भरता येतात, म्हणजे महिन्याला सुमारे १२४ पडतात आणि मुदत संपली की ते आपलं आपण बंद होतं. फॅमिलीत घेणारा धरून सहा जण बसतात, वयाची अट तेरा वर्षं.

आत्याच्या घरी माणसं पाच, आणि चौघांचं पाहणं रोजचं. दोन वेगवेगळी मासिक सदस्यत्वं घेतली असती तर २९८ झाले असते. २९९ मध्ये पाचही जण आले, माणशी साठ रुपयांच्या आत. टीव्हीवर आत्याचं स्वतःचं खातं उघडलं, ते फॅमिली ग्रुपमध्ये घेतलं आणि तिने फोनवर आमंत्रण स्वीकारलं. हे स्वीकारणं राहून गेलं तरी ‘प्रीमियम असून जाहिराती’ हीच तक्रार उरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात ८९ रुपयांचा प्रीमियम लाइट आला आणि भावाने विचारलं, आईसाठी तो का नको? आत्यासाठी तो चुकीचाच ठरला असता. लाइटमध्ये बहुतेक व्हिडिओ जाहिरातीशिवाय चालतात, पण संगीताच्या व्हिडिओंवर, शॉर्ट्सवर आणि शोधताना-चाळताना जाहिराती राहतात. हरिपाठ, अभंग, भजन, आरत्या हे संगीतात मोडतं. म्हणजे तिला ज्या जाहिराती नकोत नेमक्या त्याच राहिल्या असत्या. उलट एकटा माणूस बातम्या, पाककृती, शेतीची माहिती, स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं एवढंच पाहत असेल तर त्याला लाइट पुरतं, जास्तीचे साठ रुपये देण्याचं कारण नाही. घेण्यापूर्वी History उघडून मागच्या आठवड्यातले व्हिडिओ चाळा आणि त्यात गाणी किती आहेत ते मोजा. निवड तिथेच होते.

आयफोन वापरणाऱ्यांनी प्लॅन फोनच्या अ‍ॅपमधून न घेता ब्राउझरमध्ये साइट उघडून घ्यावा. अ‍ॅपमधून घेतला की तोच प्लॅन महाग पडतो, आणि खातं एकच असल्यामुळे नंतर अ‍ॅपमध्ये सोयी सारख्याच मिळतात.

पैसे देऊनही एक गोष्ट जात नाही. ‘आजच्या व्हिडिओचे प्रायोजक आहेत…’ असं निर्माता स्वतः बोलतो, तो भाग व्हिडिओचाच असतो. तो कुठल्याही प्लॅनने निघत नाही, हाताने पुढे ढकलावा लागतो. आत्याने हे पहिल्याच आठवड्यात विचारलं: कीर्तनाच्या सुरुवातीला एका मसाल्याचं नाव घेतात, ते का येतं? ते कीर्तनकार स्वतः घेत होते. तिला एवढं चाललं, कारण पुढचा पावणेदोन तासांचा निरूपणाचा धागा आता मध्ये तुटत नाही. आणि प्रीमियमच्या पैशांतला वाटा, कोण किती वेळ पाहिलं गेलं त्यानुसार, चॅनेलवाल्यांना जातो. त्यामुळे ती जेवढा वेळ त्या बुवांना ऐकते, तेवढं त्यांनाही काही मिळतं.