ल्यूथर वाचला तो राजकारणामुळे, पण लोकांनी त्याचं ऐकलं ते कशामुळे?

रूममेट पॉलिटिकल सायन्सवाला आणि मी हिस्ट्रीवाला, त्यामुळे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने कॅथलिक चर्चविरुद्ध सुरू केलेलं युरोपमधलं रिफॉर्मेशन मुळात धर्माचं होतं की राजकारणाचं यावर आमचं जोरदार वाजलं. इथे लिहून काढतोय कारण त्याचे मुद्दे खरंच दमदार होते आणि तरी मला ते पुरे वाटत नाहीत.

त्याने सुरुवातच ल्यूथरच्या शंभर वर्षं आधीच्या यान हुस या धर्मोपदेशकापासून केली. "हे बघ, हुस पण चर्चविरुद्ध बरंचसं तसंच बोलत होता ना? त्याला अभयपत्र देऊन कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला बोलावलं आणि १४१५ मध्ये जाळलं. ल्यूथर १५२१ ला तसंच अभयपत्र घेऊन सम्राटासमोर वर्म्सला गेला आणि जिवंत परत आला. फरक काय, तर ल्यूथरच्या मागे त्याच्या सॅक्सनी राज्याचा राज्यकर्ता फ्रेडरिक उभा होता. संपला विषय."

म्हटलं, एकटा फ्रेडरिक एवढा भारी कसा काय?

"अरे जर्मनीचा सम्राट निवडायला सात जणांची मतं, त्यातलं एक त्याचं! १५१९ च्या जानेवारीत सम्राट मॅक्सिमिलियन वारला, त्याचा नातू चार्ल्स सम्राट व्हावा हे पोपला नको होतं, मग त्या वेळी फ्रेडरिकला दुखवेल कोण? ल्यूथरवरची कारवाई रेंगाळली. जूनमध्ये चार्ल्सच निवडून आला, पण तोपर्यंत ल्यूथरचं लिखाण छापून गावोगाव पोचलं होतं. आणि वर्म्सहून परतताना फ्रेडरिकच्या माणसांनी त्याला पळवल्याचं नाटक करून वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?"

हे सगळं खरंय. पण मी त्याला विचारलं, यात फ्रेडरिकचा फायदा काय ते सांग. कारण या माणसाने आपल्या विटेनबर्ग शहरातल्या चर्चमध्ये संतांच्या हाडांचा आणि पवित्र वस्तूंचा १९,००० च्या वरचा संग्रह जमवला होता, ठरलेल्या दिवशी लोक तो बघायला यायचे, दान द्यायचे आणि पापाची शिक्षा कमी झाली असं समजून घरी जायचे. ल्यूथरने माफीपत्रांवर, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा कमी करणाऱ्या चर्चच्या कागदांवर, हल्ला केला तेव्हा त्या संग्रहाची किंमतच शून्य होणार होती! स्वतःची मिळकत बुडवणाऱ्या माणसाला कोण कशाला सांभाळेल?

"आपला प्रोफेसर म्हणून सांभाळलं," तो म्हणाला, "विटेनबर्गची युनिव्हर्सिटी फ्रेडरिकनेच काढलेली. आणि माफीपत्रांचा पैसा बघ ना कुठे जात होता. ब्रँडेनबर्गच्या आल्ब्रेख्तने माइन्झचं आर्चबिशपपद मिळवायला फुगर सावकारांकडून कर्ज काढलं, विक्रीतला अर्धा पैसा त्या कर्जात, उरलेला रोमला. जर्मनीचा पैसा इटलीला जातोय हाच खरा राग."

राग होताच. पण हे कर्जाचं गणित तेव्हा किती लोकांना माहीत होतं? फ्रेडरिकने माफीपत्रं विकणाऱ्या तेत्सेलला आपल्या हद्दीत विक्री करू दिली नाही, तर विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन माफीपत्रं घेऊन आले. स्वतःच्या पायांनी गेले, स्वतःचे पैसे मोजले, कारण मेल्यावर आपलं आणि आपल्या गेलेल्या आईबापाचं काय होणार ही भीती खरी होती. आणि ल्यूथर बोलला तो त्याच भीतीबद्दल, की देवाची कृपा विकत मिळत नाही, ती विश्वासाने मिळते. ही भीतीच नसती तर फ्रेडरिकने त्याला कितीही लपवला असता तरी त्याचं कुणी वाचलं नसतं, माझा सगळा मुद्दा हा आहे.

मग त्याने शेतकऱ्यांचं काढलं. "१५२५ ला जर्मनीतले शेतकरी उठले तेव्हा तुझा ल्यूथर राजांच्या बाजूला गेला, त्यांना मारा म्हणून लिहिलं. तिथे कुठे गेला धर्म?"

ल्यूथरने तेव्हा जे लिहिलं ते भयंकरच आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण मेमिंगेनला शेतकऱ्यांनी ज्या १२ मागण्या लिहिल्या त्यातली पहिली वाच. जमीन नाही, लगान नाही, तर आमचा पाद्री आम्हाला निवडू द्या आणि त्याने शुभवर्तमान भेसळ न करता सांगावं. तिसरी मागणी गुलामी नको म्हणते आणि कारण देते की ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून धनगरापासून मोठ्यातल्या मोठ्या माणसापर्यंत सगळ्यांना सोडवलंय. राजकीय मागणी आहे ना, पण ती उभी कशावर आहे बघ.

"बरं, शेवट कसा झाला? सम्राट आणि जर्मन राजांमधला १५५५ चा आउग्सबुर्गचा तह. ज्याचं राज्य त्याचा धर्म. राजा ठरवणार, प्रजा ऐकणार."

त्याच तहात अजून एक कलम आहे. ज्याला राजाचा पंथ मान्य नाही त्याने घरदार विकून बायकापोरांसकट दुसऱ्या राज्यात जावं, त्याला कुणी अडवायचं नाही. राजाने पंथ ठरवला की लोक गप्प बदलणार असते, तर हे कलम घालायची गरज कुणाला पडली असती?

यावर तो म्हणाला की ते कलम पण राजांच्या सोयीचंच, नको असलेली माणसं आपोआप हद्दीबाहेर. असेल सोयीचं. पण घर विकून निघायचा निर्णय राजाचा नव्हता.