नळाला बांधलेली वायर म्हणजे अर्थिंग नव्हे

“बाथरूममध्ये वॉशिंग मशीन बसवायचंय? कारागिरांना पैसे देऊ नका! १) ड्रेन पाइप सरळ मोरीच्या जाळीत सोडा, मशीन कुठलंही असो. २) सॉकेट पाच फुटांवर घ्या, पाण्याचा प्रश्नच मिटला. ३) एमसीबी असेल तर शॉक लागत नाही. ४) अर्थिंग नसेल तर हिरवी वायर नळाला बांधा, उत्तम अर्थिंग मिळतं. ५) पाण्याची नळी असलेल्या नळालाच क्लिपने बसवा. ६) मशीनला प्लॅस्टिकचं कव्हर घाला, मग कितीही पाणी उडू दे. सर्वांना पाठवा!”

हा मेसेज माझ्या मावशीला सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिने तो वाचून सोडून दिला असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण नवं फ्रंट लोडिंग मशीन घरात येऊन पडलं होतं, बाथरूमजवळच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, आणि चौथ्या मुद्द्याप्रमाणे वायर बांधायला तिने ओळखीच्या एकाला बोलावूनही ठेवलं होतं. वायरिंग हे माझं रोजचं काम आहे, म्हणून क्रम सोडून आधी तोच मुद्दा घेतो. बाकीच्यांनी नुकसान होईल, याने माणूस जाईल.

फ्रंट लोडिंग मशीनमध्ये हीटर पाण्यात बुडालेला असतो आणि बाहेरच्या पत्र्याला आपला ओला हात लागतो. हीटरचं आवरण कधी चिरलं तर फेज थेट पत्र्यावर येते. अशा वेळी तो करंट अर्थच्या वायरने परत गेला पाहिजे आणि त्याच क्षणी वीज बंद झाली पाहिजे. आता तीच वायर नळाला बांधली आहे असं धरा. मावशीच्या इमारतीत मूळ पाइप जीआयचे. जिथे जिथे ते गंजले तिथे प्लंबरने सीपीव्हीसी टाकलं, आणि सीपीव्हीसी हे प्लॅस्टिक आहे. म्हणजे नळापासून जमिनीपर्यंतचा लोखंडी रस्ता कुठेतरी तुटलेला. मग पत्र्यावर आलेली फेज जमिनीत न जाता लोखंडाच्या उरलेल्या तुकड्यावर पसरते. त्या तुकड्यावरचे सगळे नळ आणि शॉवर जिवंत होतात. तो तुकडा खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल तर तिथलेही. शेजाऱ्याने अंगावर पाणी घेत नळाला हात लावला की करंटला जमिनीचा रस्ता मिळतो, तो त्याच्या शरीरातून.

पूर्वी नळाला अर्थ बांधत असत, हे खरं आहे. तेव्हा पाइप तळापासून वरपर्यंत लोखंडाचा असे आणि जमिनीत दूरवर पुरलेला असे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच कुठेतरी ऐकलेलं दिसतं. पण समजा आजही तुमचा पाइप अखंड लोखंडी आहे आणि जमिनीपर्यंतचा त्याचा रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट वाहील. मशीनच्या लाइनवर एमसीबी १६ अँपिअरचा. साडेअकरावर तो कधीच पडणार नाही. म्हणजे पाइप जिवंत, मीटर फिरतोय, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

तिसऱ्या मुद्द्याचा निकाल इथेच लागतो. एमसीबी असतो तो वायर तापून जळू नये म्हणून, माणसासाठी नाही. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. हृदय बंद पाडायला तेवढा पुष्कळ झाला, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या तो खिजगणतीतही नसतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतोय का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. खरेदी करताना त्यावर ‘३० मिलिअँपिअर’ छापलेलं बघून घ्या; १०० किंवा ३०० चा घेतला तर माणूस वाचवायला त्याचा भरवसा नाही. आणि आरसीसीबी असला तरी अर्थिंग लागतंच. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्याबरोबर तो पडतो. नसेल तर कोणी तरी हात लावेपर्यंत वाट बघतो.

आपल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे कसं ओळखायचं? वरचं मोठं भोक सगळ्याच सॉकेटना असतं, त्यावर जाऊ नका. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला प्लेट उघडायला सांगा. मावशीकडे त्या मोठ्या भोकामागचा स्क्रू कोरा होता, त्याला कधी वायर लागलीच नव्हती. दुसरी खूण म्हणजे मशीन चालू असताना पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येणं. लोक म्हणतात, “थोडं येतंच.” मशीनच्या आतल्या फिल्टरमधून अगदी बारीक करंट नेहमीच पत्र्याकडे येत असतो आणि अर्थची वायर तो घेऊन जाते. वायरच नसेल तर तो तुमच्या बोटाने जातो. तेव्हा झिणझिण्या म्हणजे अर्थिंग तुटलंय असंच समजा आणि दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद ठेवा. यावर उपाय एकच: मीटरजवळच्या अर्थपासून अडीच स्क्वेअरची हिरवी वायर सॉकेटपर्यंत ओढणे. मावशीकडे ती जुन्या केसिंगमधूनच गेली, भिंत फोडावी लागली नाही.

आता सॉकेटची जागा. बाथरूमसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३६४ चा ७०१ वा भाग, आणि आपलं आयएस ७३२ त्याच मालिकेवर बेतलेलं आहे. टब किंवा ट्रे नसलेल्या, आपल्या मोरीसारख्या जागेत शॉवरच्या पाण्याच्या तोंडापासून आडवं १.२ मीटर आणि जमिनीपासून वर २.२५ मीटर, एवढ्या भागात मेन लाइनचं सॉकेट नको असं ते सांगतं. पाच फूट म्हणजे दीड मीटर. शॉवरशेजारी पाच फुटांवर घेतलेलं सॉकेट बरोबर त्या नको असलेल्या भागात येतं. उंचीने प्रश्न सुटत नाही, अंतराने सुटतो.

मावशीचं बाथरूम ४ फूट बाय ७ फूट. शॉवर आखूड भिंतीवर. लांबी २१३ सेंटिमीटर, त्यातून १२० गेले, उरले ९३. मशीन ६० सेंटिमीटरचं, म्हणजे दाराकडच्या टोकाला ते बसतं. सॉकेटही तिथे कागदावर बसेल. पण आपण शॉवरपेक्षा बादली आणि तांब्याने जास्त आंघोळ करतो आणि ते पाणी मीटर-सेंटिमीटर बघून उडत नाही. म्हणून मी सॉकेट बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमधल्या भिंतीवर घेतलं. प्लग सबंध जाईल एवढं भोक पाडलं, त्याचा उतार बाथरूमच्या बाजूला ठेवला आणि वायर ओढल्यावर कडा सिलिकॉनने बुजवल्या. बाहेर आलेली वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच टपकतो, प्लगपर्यंत चढत नाही. सॉकेट १६ अँपिअरचंच हवं. दोन हजार वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरचं सॉकेट वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

ड्रेन पाइपबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. सेमी-ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोडिंग मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उताराने जातं. त्यांचा पाइप जमिनीलगतच हवा. वर टांगला तर पाणी आतच राहतं. “मशीन कुठलंही असो” हे मात्र साफ चूक. फ्रंट लोडिंगमध्ये पंप असतो आणि कंपन्या पाइपचं तोंड साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात. ते जाळीत खाली सोडलं तर मशीन पाणी भरतं आणि तेच पाणी पाइपातून आपोआप खाली ओढलं जातं. मशीनला वाटतं, अजून भरलंच नाही. शेवटी थांबून पडद्यावर पाणी येत नसल्याची खूण येते, काही मशीनवर IE. मग लोक नळ आणि टाकी तपासत बसतात. पाणी भरत असतानाच मोरीत पाण्याचा आवाज आला तर दोष ड्रेन पाइपचा, हे ओळखा. पाइप १०० सेंटिमीटरच्या वर नेला तर पंपाला तेवढं उचलणं जड जातं आणि पाइपातलं पाणी परत ड्रममध्ये उतरतं.

उभ्या पाइपात तोंड सोडायचं असेल तर तो पाइप ड्रेन होजपेक्षा चांगला रुंद घ्या आणि होज फक्त वितभर आत ठेवा. भोवती टेप गुंडाळून फट बंद करू नका. त्या फटीतून हवा जाते म्हणूनच पाणी ओढलं जात नाही. मावशीकडे ७५ सेंटिमीटरवर पाइप घेतला आणि होज क्लॅम्पने भिंतीला धरला, कारण पंप सुरू होताना होज झटका देऊन बाहेर पडतो.

क्लिपने बसवलेल्या नळीबद्दल थोडक्यात. मशीनचा व्हॉल्व्ह एकदम बंद होतो, पाण्याचा धक्का मागे नळीला बसतो आणि क्लिप निसटते, बहुधा घरात कोणी नसताना. पाऊण इंची आटे असलेला वेगळा नळ लावा, आत वॉशर आहे ना बघा, धुणं झालं की नळ बंद करा. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर दाब बघा. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच मिळतो आणि पुष्कळ मशीनना तो कमी पडतो. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो, घेण्याआधी वाचा.

कव्हरमुळे वरचे शिंतोडे अडतात, तेवढंच. मशीनचा तळ बहुतेक उघडाच असतो आणि मोरीतलं पाणी उसळतं ते खालून. वर कव्हर चोवीस तास घातलेलं असेल तर आतला दमटपणा बाहेर पडत नाही, पत्र्याला गंज आणि दाराच्या रबराला बुरशी लागते. वीतभर उंचीचा विटांचा ओटा करा, चारही पायांपेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा, वर कडप्पा, आणि पायांचे लॉकनट आवळून घ्या. नाहीतर स्पिनच्या वेळी मशीन ओट्यावरून सरकतं. ड्रेनची उंची मग ओट्यापासून मोजायची, फरशीपासून नाही. आणि टॉयलेटचा जेट स्प्रे मशीनच्या बाजूला असेल तर तो दुसऱ्या भिंतीवर हलवा, कारण शिंतोडे झेलणारं मशीनही जोराची धार झेलायला बनवलेलं नसतं.